पाच डब्यांचा हिशेब

दहा-बारा वर्षं घर सांभाळल्यावर बायोडाटा लिहायला बसलं की शेवटच्या नोकरीच्या रकान्यापाशी पेन अडतं. डब्याच्या कामात तो रकाना कुणी विचारत नाही. भिलाईत क्लासेससाठी बाहेरगावाहून आलेली मुलं आहेत, एकटे राहणारे नोकरदार आहेत, म्हणजे गिऱ्हाईक मिळतं. अडचण होते ती भाव ठरवताना.

एक उदाहरण घेऊ. आकडे तुमच्या बाजाराप्रमाणे बदला. दुपारचे पाच डबे, प्रत्येकात चार पोळ्या, भाजी, वरण, भात. किराणा-भाजी 38 रुपये, गॅस, साबण, पॅकिंग मिळून 8. भाव ठेवला 70. दिवसाला 350 आले, 230 गेले, 120 उरले. बाजार, स्वयंपाक, भांडी यात तीन तास जात असतील, तर तासाला 40 रुपये पडले. आता दहा डबे करा. उरतात 240, पण वेळ दुप्पट होत नाही, कारण वरणाचा कुकर एकच लागतो. चार तास धरले तर तासाला 60. म्हणून पाच डबे ही फक्त सुरुवात समजा. महिनाभरात आठ-दहा झाले नाहीत, तर भाव किंवा गल्ली बदलावी लागेल.

बहुतेकजणी गॅस हिशेबात धरतच नाहीत. घरगुती सिलिंडर धंद्यासाठी वापरायला परवानगी नाही, त्यामुळे खर्च 19 किलोच्या व्यावसायिक सिलिंडरचा किंवा इंडक्शनच्या विजेचा धरा. खर्च खरा किती, ते ओळखायची सोपी युक्ती म्हणजे सिलिंडर लावल्याची तारीख लिहायची आणि तो संपेपर्यंत किती डबे गेले ते मोजायचं.

पैसे पंधरा दिवसांचे आगाऊ घ्या. उद्या डबा नको असेल तर आज रात्री आठच्या आत कळवायचं, नाहीतर पैसे कापले जातील, हे पहिल्याच दिवशी सांगा. नंतर सांगितलं की भांडण होतं! माणशी डब्यांचे दोन संच लागतात, तो खर्च सुरुवातीलाच धरा. आणि सगळी गिऱ्हाइकं विद्यार्थीच ठेवू नका. परीक्षा संपल्या की मुलं घरी जातात आणि तुमचा मे महिना रिकामा जातो. निम्मे तरी नोकरदार हवेत.

घर बीएसपीचं क्वार्टर असेल तर तिथून धंदा चालतो का, ते आधी टाउनशिपच्या कार्यालयात विचारा. एफएसएसएआयची नोंदणी मात्र कुठेही राहत असलात तरी हवीच. foscos.fssai.gov.in वर ओळखपत्र, फोटो आणि पत्त्याच्या पुराव्यावर अर्ज स्वतः करता येतो, एजंटला पैसे द्यायची गरज नाही. मिळालेला 14 आकडी नंबर डब्याच्या कार्डावर छापा. पैसे यूपीआयने एकाच खात्यात घ्या. सहा महिन्यांनी बँकेत छोटं कर्ज मागायला गेलात, तर त्याच खात्याचं स्टेटमेंट पुढे ठेवता येईल.