फुकटचे चार्जिंग : भीती किती खरी आणि काळजी कोणती?

संयुक्त अरब अमिरातीच्या सायबर सुरक्षा परिषदेने २०२५ मध्ये प्रवाशांना सावध केले, की सार्वजनिक ठिकाणच्या यूएसबी पोर्टला फोन जोडल्यास त्यातील माहिती चोरली जाऊ शकते. या प्रकाराला ‘ज्यूस जॅकिंग’ म्हणतात. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये काढलेल्या फसवणूकविषयक पुस्तिकेत आणि अमेरिकेतील एफबीआयच्या डेन्व्हर कार्यालयाने एप्रिल २०२३ मध्ये असाच इशारा दिला होता.

इतके इशारे ऐकल्यावर प्रत्यक्षात किती जण लुबाडले गेले, असा प्रश्न साहजिकच पडतो. डेन्व्हरचा इशारा हा नेहमीच्या जनजागृतीचा भाग होता. तो कोणत्याही ठरावीक गुन्ह्याच्या तपासातून आलेला नव्हता. लॉस एंजेलिस परगण्याच्या सरकारी वकील कार्यालयानेही २०१९ मध्ये लोकांना सावध केले, परंतु विचारणा झाल्यावर आपल्याकडे असा एकही खटला नसल्याचे मान्य केले. म्हणजे आजवरचे भक्कम पुरावे आहेत ते प्रात्यक्षिकांचे, रस्त्यावरच्या चोरीचे नव्हेत. मग इशारा निराधार ठरतो का? तसेही नाही.

साध्या यूएसबी तारेत चार वाहक असतात. दोन वीज नेतात आणि दोन माहिती. भिंतीतल्या पोर्टामागे नुसता वीजपुरवठा आहे की छोटा संगणक, हे बाहेरून कळत नाही. २०१३ मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी एका बनावट चार्जरमधून मिनिटभराच्या आत आयफोनमध्ये घातक अ‍ॅप शिरवून दाखवले. त्यानंतर अ‍ॅपलने, जोडलेल्या संगणकावर विश्वास ठेवायचा का, हे फोनधारकाला विचारायला सुरुवात केली. अँड्रॉइडनेही पुढे ‘केवळ चार्जिंग’ हीच मूळ स्थिती ठेवली. बहुतेक तज्ज्ञांची भीती ओसरली ती या एका प्रश्नामुळे.

हा भरवसा २०२५ मध्ये ढळला. ऑस्ट्रियातील ग्राझ तंत्रविद्यापीठाच्या संशोधकांनी असा चार्जर तयार केला, जो फोनसमोर संगणकाबरोबरच कीबोर्डचेही सोंग घेतो. फोन परवानगी विचारतो आणि चार्जरच ‘हो’ म्हणतो. आठ कंपन्यांचे फोन त्यांनी तपासले. बहुतेक फोनांत हे साधण्यासाठी स्क्रीन उघडी असावी लागते. अ‍ॅपलने iOS 18.4 मध्ये अशा परवानगीसाठी पासकोड बंधनकारक करून ही फट बुजवली. त्यामुळे जुन्या प्रणालीवर चालणारा आणि चार्जिंगला लावूनही हाताळला जाणारा फोन सर्वाधिक धोक्यात असतो.

अनोळखी तारेचे प्रकरण निराळे आहे. ‘ओएमजी केबल’ नावाची तार दिसायला नेहमीसारखीच असते, पण तिच्या टोकात वाय-फाय असलेली चकती दडवलेली असते आणि दूर बसलेला माणूस तिच्यामार्फत कळा दाबू शकतो. ती मुळात सुरक्षा-चाचणीसाठी विकली जाते. प्रत्येक बाकावर अशी तार टाकून ठेवणे कुणाला परवडणार नाही. पण विशिष्ट माणसाला गाठायचे असेल तर ती उपयोगी पडते. म्हणून कुणीतरी विसरलेली किंवा अनोळखी माणसाने देऊ केलेली तार वापरू नये.

आपल्या प्रवाशांची खरी अडचण मात्र साधी आहे. मुंबईहून दुबईला उतरलेल्या माणसाचा चार्जर गोल पिनांचा असतो, तर इथले सॉकेट ब्रिटिश पद्धतीचे, तीन चौकोनी पिनांचे. चार्जर बसत नाही, बॅटरी संपत आलेली असते आणि शेजारचे यूएसबी पोर्ट खुणावते. ज्या फोनवर इथले बँक अ‍ॅप आणि भारतातल्या खात्याचा ओटीपी येणारे सिम दोन्ही आहेत, तो फोन असा अडून बसतो. निघण्यापूर्वी योग्य अ‍ॅडाप्टर पिशवीत टाकला, तर आपलाच चार्जर आणि आपलीच तार वापरता येते. विजेच्या सॉकेटमधून माहिती जात नाही.

पॉवर बँक हा दुसरा उपाय, पण एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून विमानात ती वापरण्यास आणि चार्ज करण्यास मनाई केली आहे. १०० वॉट-तासांहून कमी क्षमतेची एकच जवळ ठेवता येते. २०,००० एमएएचची साधारण ७४ वॉट-तासांची असते. म्हणून फोन तिच्यावर विमानात चढण्यापूर्वीच भरून घ्यावा.

पोर्ट वापरण्याखेरीज गत्यंतरच नसेल, तर फोन बंद करून किंवा किमान लॉक करून जोडावा आणि उचलून पाहू नये. केवळ चार्जिंगला लावलेल्या फोनने विश्वास किंवा माहिती देण्याविषयी विचारले, वा स्क्रीनवर आपोआप काही उघडले, तर उत्तर न देता तार काढावी. त्यानंतर आयफोनवर `Reset Location & Privacy` केल्यास पूर्वी दिलेले सगळे विश्वास पुसले जातात. अँड्रॉइडवर `USB debugging` चालू असल्यास ते बंद करावे.