किलोमीटरमागे किती? चार गाड्यांचा एक हिशेब

गाड्यांच्या दुकानात हल्ली एक वाक्य ठरलेले असते: "विजेची गाडी घ्या, रुपया-सव्वा रुपयात किलोमीटर पडतो." वाक्य अगदीच खोटे नसते. पण तो सव्वा रुपया कुणाच्या घरच्या विजेचा, हे त्यात सांगितलेले नसते. माझे दुलाभाई सुताचा व्यापार करतात. इचलकरंजी ते कोल्हापूर असे त्यांचे रोजचे जाणे-येणे साठ किलोमीटर होते. या वर्षी त्यांना गाडी बदलायची होती, म्हणून पेट्रोल, डिझेल, सीएनजी आणि वीज या चारही गाड्यांचा हिशेब आम्ही वहीवर मांडला. तोच इथे देते.

तुलना करताना गाडी एकाच आकाराची हवी. छोटी पेट्रोल गाडी आणि मोठी डिझेल गाडी शेजारी ठेवून काही कळत नाही. टाटा नेक्सॉन ही गाडी चारही प्रकारांत निघालेली आहे, त्यामुळे आम्ही त्या आकाराची गाडी डोळ्यांसमोर ठेवली. खालचे आकडे हिशेबासाठी गोल केलेले आहेत. तुमच्या गावचे दर वेगळे असतील, ते त्या जागी घालावेत. रस्त्यावर येईपर्यंत पेट्रोल गाडी ११ लाख, सीएनजी १२, डिझेल १३ आणि विजेची १४ लाख असे धरले. महिन्याला पंचवीस दिवस प्रवास, म्हणजे १,५०० किलोमीटर, वर्षाला १८,०००.

आधी इंधन पाहू. कंपनीने छापलेला ॲव्हरेज आम्ही बाजूला ठेवला, कारण ती चाचणी ठरावीक परिस्थितीत होते. एसी लावून, गर्दीतून, चार माणसे बसवून तेवढा ॲव्हरेज क्वचितच मिळतो. पेट्रोलला लिटरमागे १४ किलोमीटर आणि दर १०५ रुपये धरला, तर किलोमीटरला साडेसात रुपये येतात. डिझेलला १८ किलोमीटर आणि ९० रुपये, म्हणजे पाच रुपये. सीएनजी किलोवर मिळतो. "वीसचा ॲव्हरेज आहे, पेट्रोलपेक्षा सहा जास्त" असे म्हणणे चुकीचे आहे, कारण एक किलो गॅस आणि एक लिटर पेट्रोल ही मापेच वेगळी. तुलना फक्त रुपयांतच करता येते. किलोला ९० रुपये आणि २० किलोमीटर धरले तर साडेचार रुपये होतात. पण पंपावर रांग लागली किंवा गॅस संपला की गाडी पेट्रोलवर चालते. दहातला एक किलोमीटर पेट्रोलवर गेला असे धरून आम्ही ४.८० रुपये लिहिले.

आता वीज. सगळा घोळ इथेच होतो.

महावितरणचे घरगुती बिल टप्प्यांचे असते. पहिल्या १०० युनिटना एक दर, १०१ ते ३०० ना त्याहून बराच जास्त, ३०१ ते ५०० ना आणखी जास्त, आणि पुढे सर्वांत जास्त. दुलाभाईंच्या घरी महिन्याला साधारण २२० युनिट जळतात आणि बिल २,४०० रुपयांच्या आसपास येते. त्यांनी बिलाला युनिटने भागले, ११ रुपये आले, आणि तोच विजेचा दर म्हणून लिहिला. पण गाडीची वीज या २२० युनिटच्या वर चढणार आहे. स्वस्तातले पहिले शंभर युनिट घरातल्या पंख्यांनी आणि फ्रीजने आधीच खाल्लेले असतात. गाडीच्या वाट्याला महागडे टप्पे येतात.

गाडीला महिन्याला किती युनिट लागतील? पडद्यावर गाडी दाखवते की एका युनिटमध्ये सात किलोमीटर झाले. पण हे युनिट बॅटरीतून खर्च झालेले असते. भिंतीतल्या प्लगपासून बॅटरीपर्यंत पोहोचताना दहा-पंधरा टक्के वीज उष्णतेत जाते, आणि बिल येते ते भिंतीवरच्या मीटरचे. म्हणून आम्ही युनिटमागे सहा किलोमीटर धरले. दीड हजार किलोमीटरला २५० युनिट. घरचे २२० आणि हे २५० मिळून ४७० झाले. या २५० पैकी ८० युनिट दुसऱ्या टप्प्यात आणि १७० तिसऱ्या टप्प्यात बसतात. वहन आकार आणि वीज शुल्क धरून दुसऱ्या टप्प्यातले युनिट साधारण १३ रुपयांना आणि तिसऱ्यातले १७ ला पडते असे मानले, तर गाडीची वीज ३,९३० रुपयांची झाली. म्हणजे युनिटला जवळजवळ १६ रुपये. सहाने भागले तर किलोमीटरला २.६७. लांबच्या प्रवासात बाहेरच्या वेगवान चार्जरवर युनिटला वीस-बावीस रुपये मोजावे लागतात, तोही थोडा भाग धरून २.८० रुपये.

सव्वा रुपयाचे पावणेतीन झाले. तरीही चौघांत सर्वांत स्वस्त तीच, हे मान्य करायला हवे. फक्त तिच्या स्वस्ताईचा आकडा निम्म्याहून खाली आला, आणि आता प्रश्न उरला तो वर्षांचा.

वर्षाचे इंधन मांडले तर पेट्रोल १,३५,०००, डिझेल ९०,०००, सीएनजी ८६,४०० आणि वीज ५०,४०० रुपये. विजेची गाडी पेट्रोलपेक्षा तीन लाखांनी महाग आणि वर्षाला ८४,६०० वाचवते, म्हणजे साधारण साडेतीन वर्षांत जादा पैसे वसूल. दुलाभाई इथेच खूश झाले होते. पण आपा म्हणाली, "पेट्रोल तर तुम्ही घेणारच नव्हता. सीएनजीशी लावून बघा की." बरोबर होते तिचे. तुलना नेहमी दुसऱ्या चांगल्या पर्यायाशी करावी. सीएनजी पेट्रोलपेक्षा एक लाखाने महाग आणि वर्षाला ४८,६०० वाचवते, ती दोन वर्षांत वसूल. विजेची गाडी सीएनजीपेक्षा दोन लाखांनी महाग आणि वर्षाला ३६,००० वाचवते, तिला साडेपाच वर्षे लागतात.

त्यातही विकताना दोन्ही गाड्यांना सारखे पैसे येतील असे धरले आहे. विजेच्या गाडीचा जुना बाजार अजून नवा आहे आणि घेणारा पहिला प्रश्न बॅटरीचा विचारतो. बॅटरीची हमी बहुतेक कंपन्या आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल तोपर्यंत देतात. पाचव्या वर्षी गाडी विकली तर हमीची तीनच वर्षे उरतात. तिला सीएनजीपेक्षा एक लाख कमी मिळाले, तर वसुली साडेपाचवरून आठ वर्षांच्या पुढे जाते. तेल, फिल्टर, प्लग यांचा खर्च विजेच्या गाडीला नाही हे खरे, पण किंमत जास्त म्हणून विमा जास्त आणि वजन जास्त म्हणून टायर थोडे लवकर झिजतात. आम्ही हे एकमेकांत जिरवले.

आपल्यातली बरीच घरे व्याजाचे कर्ज टाळून साठवलेल्या पैशातून गाडी घेतात. त्यांच्यासाठी हे दोन-तीन लाख म्हणजे घरातली रोकड आहे, जी पाच-सहा वर्षे गाडीत अडकते. हप्त्यावर घेणाऱ्याला त्या जादा रकमेवरचे व्याजही यात मिळवावे लागेल आणि वसुलीची वर्षे आणखी लांबतील.

डिझेलवर फार वेळ घालवला नाही. सीएनजीपेक्षा लाखाने महाग आणि इंधनही किंचित महाग, म्हणजे इथे तिला जागा नाही. शिवाय बीएस-६ डिझेल गाडीत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो साफ व्हायला गाडी मधूनमधून वेगात सलग पंधरा-वीस मिनिटे पळावी लागते. गावातल्या गावात दोन-तीन किलोमीटर चालवली की काजळी साचते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. रोज लांब हमरस्त्यावर असणाऱ्याला, जिथे सीएनजी पंप नाहीत तिथे, डिझेल अजून परवडते.

सीएनजीची दोन छुपी गणिते आहेत. टाकीची दाब-चाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते. मुदत टळली तर पंपावर गॅस नाकारतात, आणि चाचणीसाठी गाडी एखादा दिवस उभी राहते. दुसरे म्हणजे पंपावरचा दाब. दाब कमी असला की मीटरवर एरवीपेक्षा दोन-तीन किलो कमी भरतात. पैसे भरलेल्या गॅसचेच जातात, त्यात लबाडी नाही, पण पुन्हा रांगेत उभे राहावे लागते आणि पेट्रोलवर चालणारे किलोमीटर वाढतात. पावतीवरचे किलो वाचत जा. तुमच्या भागात रांगच तासाची असेल, तर आमचे दहात एकचे प्रमाण दहात तीन करा. मग ४.८० चे ५.४० होतात.

शेवटी दुलाभाईंनी सीएनजी नोंदवली, कारण ते दर पाच वर्षांनी गाडी बदलतात. दहा वर्षे एकच गाडी वापरणाऱ्याने, घरचे अंगण असेल तर, विजेचीच घ्यावी असे माझे मत आहे. छतावर सौर पॅनेल बसवून घेणाऱ्याचा हिशेब तर पुरता बदलतो, पण पॅनेलचा खर्च अनुदान वजा करून लिहायला विसरू नये. महावितरणकडे चार्जिंगसाठी वेगळी जोडणीही मागता येते. तिचा दर आणि स्थिर आकार आधी विचारून घ्यावा.

आमच्यासारख्या घरात, जिथे शाळा जवळ आहे आणि गाडी महिन्याला पाचशे किलोमीटरच फिरते, तिथे चित्र उलटे होते. वर्षाला ६,००० किलोमीटरवर सीएनजीचे बचतीचे १६,२०० रुपये, म्हणजे एक लाख वसूल व्हायला सहा वर्षे. विजेची गाडी महिन्याला ८० च्या आसपास युनिट घेते, ती दुसऱ्या टप्प्यात मावतात आणि किलोमीटर सव्वादोन रुपयांच्या आत पडतो. तरी वर्षाची बचत ३२,००० च्या आसपास आणि वसुलीला नऊ वर्षांहून जास्त. अशा घराला साधी पेट्रोल गाडीच परवडते, मग दुकानदार काहीही म्हणो.

आकडे स्वतःचे हवेत. त्यासाठी टाकी काठोकाठ भरून किलोमीटर लिहा, आणि पुढच्या वेळी पुन्हा काठोकाठ भरताना जितके लिटर बसतील त्याने मधल्या किलोमीटरना भागा. असे तीनदा करून सरासरी घ्या, एकदाचा आकडा फसवतो. विजेच्या गाडीसाठी चार्जिंगच्या प्लगवर इलेक्ट्रिशियनकडून एक छोटा सबमीटर बसवून घ्या. त्यामुळे घरचे युनिट आणि गाडीचे युनिट वेगळे दिसतात. त्याच वेळी अर्थिंगही तपासून घ्या, कारण जुन्या घरांत ते नीट नसले की चार्जर मध्येच बंद पडतो आणि दोष गाडीला लागतो.