पापणीचं कातडं आणि बाजूची नजर

आमच्या स्तंभाकडे येणाऱ्या पत्रांत डोळ्यांची तक्रार म्हटली की मोतीबिंदूच असतो. पण गेल्या काही दिवसांत एक वेगळीच तक्रार आमच्या घरातच उभी राहिली, म्हणून आज तिच्याबद्दल लिहितो आहोत.

आमची एक मावशी नांदेडला राहते. वय 63. आयुष्यभर बांगड्यांची टोपली डोक्यावर घेऊन फिरली, आता घराच्या ओट्यावरच दुकान मांडते. दोन वर्षांपासून तिचं एक विचित्र वागणं घरच्यांच्या लक्षात येत होतं. समोर बोलणाऱ्याकडे ती हनुवटी वर करून पाहायची. स्वयंपाकघराच्या दाराची चौकट डोक्याला लागायची. बसवरची पाटी वाचायची झाली की बोटाने पापणी वर उचलायची. संध्याकाळ झाली की कपाळ ठणकायचं. रस्त्यावर उजवीकडून आलेली सायकल तिला अगदी अंगावर येईपर्यंत दिसली नाही, तेव्हा मात्र आम्ही घाबरलो. मावशी म्हणाली, "माय, समोरचं दिसतंय गं, बाजूचं दिसंना बघ."

एका शिबिरात तिला सांगितलं गेलं की मोतीबिंदू आहे, पण अजून कच्चा आहे, थांबा. चष्म्याच्या दुकानात नंबर बदलून मिळाला. दोन्हींनी फरक पडला नाही, कारण दुखणं डोळ्याच्या आत नव्हतंच, ते पापणीवर होतं. वरच्या पापणीचं कातडं वयाबरोबर सैल पडतं आणि पडद्यासारखं खाली लोंबतं. कानाकडच्या टोकाला ते जास्त लोंबतं, म्हणून वरची आणि बाहेरच्या बाजूची नजर आधी झाकली जाते. मग माणूस नकळत भुवया वर चढवून दिवसभर तो पडदा धरून ठेवतो. कपाळावर आडव्या घड्या पडतात आणि संध्याकाळी कपाळ दुखतं ते त्यामुळेच.

ओळखायचं कसं? घरी एक साधी गोष्ट करून पाहता येते. औषधाच्या दुकानात मिळणारी कागदी चिकटपट्टी घ्यावी. माणसाला समोर एका खुणेकडे बघायला सांगावं. आपण बाजूला उभं राहून एक बोट वरून आणि बाहेरच्या बाजूने हळूहळू आत आणावं आणि बोट कुठे दिसू लागलं ते विचारावं. मग लोंबणारं कातडं हलकेच वर उचलून चिकटपट्टीने भुवईखाली अडकवावं, पापणी मिटता आली पाहिजे एवढंच, आणि तीच परीक्षा पुन्हा करावी. मावशीला चिकटपट्टी लावली आणि ती चक्क हसली. "अगं, वरचं फळकूट दिसायलंय की!" तिच्या डोळ्यांवरच्या फळीला ती दोन वर्षं हातानं चाचपत होती.

चिकटपट्टीने नजर परत येते, म्हणजे अडथळा कातड्याचा. पण चिकटपट्टी लावूनही बाजूचं दिसत नसेल, तर कारण आत आहे आणि ते काचबिंदू असू शकतं. काचबिंदूत बाजूची नजर अशीच गुपचूप जाते, दुखत नाही, आणि गेलेली नजर परत येत नाही. त्यामुळे ज्याला बाजूचं दिसत नाही त्याने पापणी सैल दिसते म्हणून निर्धास्त होऊ नये. दोन्ही एकत्रही असू शकतात. डोळ्याचा दाब आणि आतली नस डॉक्टरांनी पाहिलीच पाहिजे. घरची परीक्षा ही संशय घेण्यापुरती.

आता मुख्य गोष्ट. सैल कातडं काढण्याच्या या शस्त्रक्रियेला डॉक्टर 'ब्लेफरोप्लास्टी' म्हणतात. नाव ऐकलं की सिनेमातल्या नट्या डोळ्यांसमोर येतात, आणि खरंच, तीच शस्त्रक्रिया तारुण्य दिसावं म्हणूनही केली जाते. चीर तीच, टाके तेच. फरक आहे तो कारणात. कारण नजरेचं असेल तर ते मोजून, कागदावर आणून दाखवावं लागतं. आमच्या मावशीचं हेच अडलं होतं. पहिल्यांदा जिथे गेलो तिथे चिठ्ठीवर फक्त शस्त्रक्रियेचं नाव लिहिलेलं होतं, आणि मुलाच्या विम्याकडून उत्तर आलं की ही सौंदर्याची शस्त्रक्रिया, पैसे मिळणार नाहीत. मावशीला राग आला. "मी कुठं नटायला निघालेय?"

आमच्या मते चूक मावशीची नव्हती, कागद अपुरा होता. पुढे लातूरला एका नेत्रतज्ज्ञांनी जे केलं ते सविस्तर सांगतो, कारण वाचकांना तेच उपयोगी पडेल.

पहिलं काम त्यांनी टॉर्चने केलं. समोरून टॉर्च धरली की बाहुलीच्या मध्यावर उजेडाचा एक ठिपका दिसतो. त्या ठिपक्यापासून पापणीची खरी कड किती मिलीमीटर वर आहे ते पट्टीने मोजलं. निरोगी माणसात हे अंतर 4 ते 5 मिलीमीटर असतं. मावशीची खरी कड, कातडं उचलून पाहिली तेव्हा, 4 मिलीमीटरवर होती, म्हणजे पापणी उचलणारा स्नायू ठीक होता. पण लोंबणाऱ्या कातड्याची कड उजव्या डोळ्यात ठिपक्याच्या फक्त 1 मिलीमीटर वर आली होती. हा फरक महत्त्वाचा. पापणीची खरी कडच खाली आली असती, तर कातडं कापून भागलं नसतं, स्नायू आखडण्याची वेगळी शस्त्रक्रिया लागली असती. मग त्यांनी अंगठ्याने भुवई हाडावर जागेवर धरली. काही लोकांत भुवईच घसरलेली असते आणि कातडं तिच्यामुळे लोंबतं. अशा वेळी नुसतं कातडं कापलं तर भुवई आणखी खाली ओढली जाते आणि माणूस तिथल्या तिथेच राहतो. मावशीची भुवई थोडीच खाली होती.

दुसरं काम नजरेच्या क्षेत्राची तपासणी, म्हणजे यंत्रापुढे बसून, समोर बघत असताना कडेला दिव्याचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. समोरची रेषा शून्य धरली, तर नीट पापणीच्या माणसाला वरच्या बाजूला साधारण 50 ते 60 अंशांपर्यंत दिसतं. काचबिंदूसाठी केली जाणारी नेहमीची तपासणी मात्र मधल्या 24 किंवा 30 अंशांचीच असते, त्यामुळे पापणीचा पडदा तिच्यात पुरता दिसतोच असं नाही. तंत्रज्ञाला आधीच सांगावं लागतं की पापणीसाठी वरचं क्षेत्र बघायचं आहे. तपासणी दोनदा झाली, एकदा पापणी आहे तशी, कपाळ सैल सोडून, आणि एकदा चिकटपट्टीने कातडं वर उचलून. पहिल्या वेळी मावशीला वर 20 अंशांपर्यंत दिसलं, दुसऱ्या वेळी 45 अंशांपर्यंत. म्हणजे 25 अंशांचा फरक. परदेशांतल्या विमा कंपन्या बहुधा 12 अंश किंवा 30 टक्के सुधारणा एवढा निकष धरतात. मावशीचा फरक त्याच्या दुपटीहून जास्त होता. कपाळ सैल सोडायला सांगण्याचं कारणही ध्यानात घ्या. भुवया चढवून बसलेल्या माणसाचा अडथळा कमीच दिसतो.

तिसरं, फोटो. समोरून, दोन्ही बाजूंनी, भुवया सैल ठेवून, डोळे सरळ समोर. चिठ्ठीवर या वेळी नुसतं नाव नव्हतं, तर कोणत्या डोळ्यात किती अंश नजर झाकली गेली आणि रोजच्या कुठल्या कामात अडथळा येतो तेही लिहिलं होतं. विम्याच्या अटीत सौंदर्य-शस्त्रक्रिया वगळलेली असते. आरोग्याला प्रत्यक्ष आणि तातडीचा धोका असेल आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी तसं लिहून दिलं असेल, तर अपवाद असतो. 'तातडीचा' या शब्दावर विमा कंपनी अडून बसू शकते, हे आम्ही लपवत नाही. म्हणून शस्त्रक्रियेच्या आधी लेखी परवानगी मागावी, नंतर भांडत बसू नये. विमा नसेल त्यांनी नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय संस्थेच्या नेत्रविभागात आधी विचारावं.

शस्त्रक्रिया बसूनच आखली जाते. आडवं झालं की कातडं कानाकडे सरकतं आणि माप चुकतं. पापण्यांच्या केसांपासून 8 ते 10 मिलीमीटरवर घडी आखतात आणि वरचं कातडं चिमट्यात धरून किती काढायचं ते ठरवतात. भुवईपासून पापणीच्या केसांपर्यंत निदान 20 मिलीमीटर कातडं राहिलं पाहिजे, नाहीतर डोळा मिटत नाही. मावशीचं मधोमध 30 होतं, 9 काढलं, 21 राहिलं. कमी काढलं तर पुन्हा काढता येतं, जास्त काढलेलं परत लावणं अवघड, हे डॉक्टरांचं बोलणं आम्हाला पटलं. इंजेक्शनने फक्त पापणी बधिर करतात. मावशी त्याच संध्याकाळी घरी आली.

त्याआधी डोळा कोरडा आहे का ते पाहतात, कारण कोरड्या डोळ्यात मिटण्याची थोडी कसरही जाचक ठरते. रक्तदाब आणि साखर आटोक्यात हवी. ॲस्पिरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सांगावं, पण हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय आपणच ती बंद करू नये.

पहिले दोन दिवस बर्फाचा शेक, आणि झोपताना डोकं उंच. टाके सहाव्या दिवशी निघाले. निळेपणा दोन आठवडे राहिला आणि शेजारणींनी 'कुणी मारलं गं?' असं विचारून तिला हैराण केलं. पहिल्या दिवशी एका गोष्टीवर घरच्यांनी डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवावं. डोळा जोराने दुखू लागला, बाहेर आल्यासारखा ताठ झाला, किंवा दिसणं कमी झालं, तर आत रक्त साचलं असण्याची शक्यता असते. असं क्वचितच होतं, पण तेव्हा सकाळची वाट न पाहता रात्रीच दवाखान्यात न्यावं.

आणि एक वेगळा इशारा. पापणी अचानक पडली, एकाचे दोन दिसू लागले, किंवा सकाळी बरी आणि संध्याकाळी पडलेली असं होऊ लागलं, तर ते सैल कातडं नव्हे. कातडं वर्षांनुवर्षे हळूहळू लोंबतं. अशा माणसाला ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावं.

मावशीचा चष्म्याचा नंबर मात्र अजून घेतलेला नाही. कातडं काढल्यावर डोळ्यावरचा भार हलतो आणि नंबर थोडा सरकू शकतो, म्हणून दोन-तीन महिने थांबायला सांगितलं आहे. तोवर जुन्याच चष्म्यावर ती बांगड्या मोजते आहे.