पंखा सुरू, खिडकी बंद

पावसाळ्यात लॉन्ड्रीच्या वाळवणीच्या खोलीत एकाचे दोन पंखे केले तरी चादरी ओलसरच राहतात आणि त्यांना कुबट वास येऊ लागतो, तेव्हा दोष पंख्याच्या वेगाला दिला जातो. वस्तुतः तो बहुतेक वेळा खोलीत कोंडलेल्या हवेचा असतो. वारा आणि हवेचा कोरडेपणा या दोन गोष्टी कपडा वाळवण्याच्या कामी एकमेकींच्या मदतीला येतात हे खरे असले, तरी त्यांची कामे वेगळी आहेत आणि एकीची उणीव दुसरीने भरून निघत नाही.

ओल्या कापडाच्या पृष्ठभागावरून पाण्याचे रेणू सतत हवेत निसटत असतात आणि हवेतील बाष्पाचे काही रेणू सतत कापडावर परतत असतात. निसटणारे परतणाऱ्यांपेक्षा जितके अधिक, तितके बाष्पीभवन वेगाने होते. विशिष्ट तापमानाला हवेत बाष्प अधिकाधिक किती असू शकते याला मर्यादा आहे, आणि त्या मर्यादेच्या किती टक्के बाष्प प्रत्यक्षात आहे हे सापेक्ष आर्द्रता सांगते. (हवा बाष्प ‘धरून ठेवते’ ही केवळ बोलण्याची सोय आहे, ही मर्यादा ठरते ती तापमानाने.) २८ अंश सेल्सिअसला ही मर्यादा एका घनमीटरमागे सुमारे २७ ग्रॅम असते. हिवाळ्यातील पुण्याच्या दुपारी आर्द्रता ३० टक्के असेल, तर आणखी सुमारे १९ ग्रॅम बाष्पाला वाव उरतो. त्याच तापमानाला पावसाळी मुंबईत ती ८५ टक्के असेल, तर जेमतेम ४ ग्रॅमला.

वाऱ्याचे काम निराळे आहे. कापडाला लागून हवेचा एक पातळ, जवळजवळ स्थिर थर असतो, जो कापडातून निघालेल्या बाष्पाने भरून जातो, आणि पुढचे बाष्प त्यातून संथपणे झिरपत बाहेर पडते. वारा हा थर पातळ करतो आणि भरलेली हवा दूर नेऊन तिच्या जागी कोरडी हवा आणतो. मात्र वाऱ्याचा वेग दुप्पट केल्याने वाळण्याचा वेग दुप्पट होत नाही, तो साधारणपणे दीडपटीच्या आसपास वाढतो. आणि जी हवा आणली जाते तीच दमट असेल, तर थर पातळ होऊनही फारसे काही साधत नाही.

बंद खोलीचा हिशेब यावरून मांडता येतो. ६०० ग्रॅम वजनाच्या सुती चादरीत मशिनमध्ये पिळल्यानंतरही सुमारे ३६० ग्रॅम पाणी उरते असे धरले, तर दहा चादरींतून ३.६ किलो पाणी बाहेर पडायचे आहे. चार मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि तीन मीटर उंच खोलीत ३६ घनमीटर हवा असते, आणि वर सांगितलेल्या पावसाळी स्थितीत ती जेमतेम १५० ग्रॅम बाष्प सामावू शकते. म्हणजे खोलीतील हवा किमान चोवीस वेळा बदलल्याशिवाय या चादरी वाळणार नाहीत, आणि हा हिशेबही उदारच आहे, कारण बाष्पीभवनाला लागणारी उष्णता हवेतूनच घेतली जात असल्याने खोली थंड होते आणि ती मर्यादा आणखी खाली येते. छताचा पंखा हीच हवा गोल फिरवत राहतो. हवा बदलण्यासाठी बाहेर फेकणारा पंखा आणि समोरच्या भिंतीत हवा आत येण्याची वाट हवी. आतली हवा ३८ अंशांपर्यंत तापवली, तर बाष्प तेवढेच राहूनही आर्द्रता निम्म्याच्या आसपास उतरते, त्यामुळे हवा कमी वेळा बदलून भागते, पण इंधनाचा खर्च येतो.

दोन साधे तापमापक ही परिस्थिती मोजून दाखवतात. एकाच्या फुग्यावर पाण्यात बुडवलेल्या मलमलीची पट्टी गुंडाळून, सावलीत, पंख्याच्या वाऱ्यात दोन्ही ठेवले असता ओल्याचा पारा खाली उतरतो: २८ अंशांच्या हवेत आर्द्रता ३० टक्के असताना जवळपास ११ अंशांनी, ८५ टक्के असताना सुमारे २ अंशांनी. वाऱ्याचा वेग सारखा असेल, तर सावलीतील ओले कापड या फरकाच्या साधारण प्रमाणात वाळते. खोलीत हा फरक एका अंशाखाली आला आणि बाहेर तो अधिक असेल, तर खिडकी उघडण्याची वेळ झाली असे समजावे. बाहेरही तेवढाच असेल, तर खिडकीने काही होणार नाही, तेथे उष्णताच लागेल.

हे सारे कापडाचा पृष्ठभाग ओला असेपर्यंतच लागू पडते. पुढे कॉलर, नेफा आणि दुहेरी शिवणीच्या आत अडकलेले पाणी सुताच्या आतून पृष्ठभागापर्यंत येण्याच्या गतीनेच वाळते आणि वाऱ्याचा उपयोग झपाट्याने घटतो. शिवाय सुती धागा स्वतःच हवेतील ओल शोषतो. ६५ टक्के आर्द्रतेत तो आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे ७ ते ८ टक्के पाणी धरून राहतो आणि दमट हवेत त्याहून बरेच अधिक, तर पॉलिस्टर अर्धा टक्काही धरत नाही. त्यामुळे ऐन पावसाळ्यात सुती चादर दोरीवर कितीही वेळ राहिली तरी ओलसर लागते, आणि ती उरलेली ओल घडी घालण्याआधी इस्त्रीनेच काढावी लागते.