विश्लेषण : छायाचित्राखालची ती फट येते कुठून?

वेबपानावर एखादे छायाचित्र चौकटीत बसवले की त्याच्या खाली चार-सहा पिक्सेलची एक बारीक पट्टी मोकळी राहते. मार्जिन शून्य, पॅडिंग शून्य, तरीही फट कायम. वेबपाने घडवायला शिकणाऱ्या जवळपास प्रत्येकाला ती कधी ना कधी भेटते आणि दोष ब्राउझरच्या माथी मारला जातो. प्रत्यक्षात ब्राउझर इथे नियमाला धरूनच वागत असतो. चूक असेल तर ती फट बुजवण्याच्या घाईत आहे.

ही फट नेमकी कसली?

सीएसएसच्या लेखी `img` हा घटक मुळात `inline` असतो. म्हणजे ब्राउझर छायाचित्राला वाक्यातल्या एखाद्या भल्यामोठ्या अक्षरासारखे वागवतो. अक्षरे ज्या अदृश्य रेषेवर उभी राहतात तिला बेसलाइन म्हणतात आणि `vertical-align` चे मूळ मूल्य `baseline` असल्याने छायाचित्राचा तळही त्याच रेषेवर टेकतो. पण ओळ बेसलाइनपाशी संपत नाही. इंग्रजी g, p, y यांच्या शेपट्या किंवा मराठीतले उकार आणि ऋकार यांच्यासाठी रेषेखाली जागा राखलेली असते. चौकटीत एकही अक्षर नसले तरी ब्राउझर प्रत्येक ओळीत शून्य रुंदीचे एक काल्पनिक अक्षर गृहीत धरतो. तांत्रिक भाषेत त्याला ‘स्ट्रट’ म्हणतात. या न दिसणाऱ्या अक्षराच्या पायाखालची जागा म्हणजेच ती फट.

तिची उंची कशी ठरते?

समजा, चौकटीचा फॉन्ट १६ पिक्सेलचा आहे, ओळीची उंची म्हणजे `line-height` १.५ आहे आणि छायाचित्र २०० पिक्सेल उंच आहे. ओळीची उंची झाली २४ पिक्सेल. या फॉन्टची अक्षरे बेसलाइनच्या वर १४ आणि खाली ४, अशी एकूण १८ पिक्सेल जागा घेतात असे धरू. उरलेले ६ पिक्सेल ब्राउझर वर आणि खाली निम्मे-निम्मे वाटतो. त्यामुळे बेसलाइनखाली ४ अधिक ३, म्हणजे ७ पिक्सेल जागा राहते. चौकट २०० ऐवजी २०७ पिक्सेल उंच होते.

याच हिशेबातून फटीची खूणही सापडते. ब्राउझरच्या तपासणी साधनात चौकट आणि छायाचित्र यांची उंची वेगळी दिसते, पण तो फरक मार्जिनमध्ये किंवा पॅडिंगमध्ये कुठेच सापडत नाही. मग चौकटीचा `font-size` दुप्पट करून पाहावा. फटही वाढली तर कारण हेच आहे. छायाचित्राला लागून एक g टाइप केला तर त्याची शेपटी नेमकी त्या मोकळ्या पट्टीत उतरलेली दिसते.

हा नियम कधीपासून त्रास देतो आहे?

नियम जुनाच आहे. १९९८ च्या सीएसएस-२ मध्ये तो होता. पण त्या काळात मोठ्या चित्राचे तुकडे करून ते तक्त्याच्या घरांमध्ये शेजारी-शेजारी बसवण्याची पद्धत होती. मोझिलाच्या ब्राउझरने नियम काटेकोर पाळायला सुरुवात केली तेव्हा या तुकड्यांमध्ये फटी पडल्या आणि अनेक पाने विस्कटली. अखेर तक्त्यातल्या चित्रांपुरती सवलत देणारी, ‘जवळपास प्रमाण’ अशा अर्थाच्या नावाची वेगळी पद्धत ब्राउझरमध्ये आणावी लागली. आजची पाने `<!DOCTYPE html>` ने सुरू होतात. त्यांना पूर्ण प्रमाण नियम लागू होतो, म्हणून फट दिसते.

प्रचलित उपाय का फसतात?

सर्वात सोपा वाटणारा उपाय म्हणजे `margin-bottom: -7px`. तो विकासकाच्या पडद्यावर चालतो, वाचकाच्या मोबाइलवर फसतो. वाचकाने ब्राउझरमध्ये अक्षरे मोठी केली आणि १६ चे २० पिक्सेल झाले, तर फट ७ वरून ८.७५ पिक्सेल होते आणि पट्टी पुन्हा डोकावते. अक्षरे लहान केली तर उलट चौकटीची कड छायाचित्रावर चढते. फॉन्ट बदलला तरी हेच घडते, कारण बेसलाइनच्या वर-खाली किती जागा धरायची हे प्रत्येक फॉन्ट स्वतः ठरवतो. ज्याचे मूळ अक्षराच्या मापात आहे, त्याला ठरावीक पिक्सेलचे ठिगळ पुरत नाही.

चौकटीला `font-size: 0` दिल्यास फट जाते, पण उद्या त्याच चौकटीत छायाचित्राची ओळ लिहिली की तीही अदृश्य होते. `vertical-align: middle` मोठ्या छायाचित्रांना पुरते, कारण त्यांचा तळ बेसलाइनच्या बराच खाली जातो. १६ पिक्सेलच्या चिन्हाला मात्र ते पुरत नाही. वरच्या उदाहरणात त्याचा तळ बेसलाइनखाली जेमतेम ४ पिक्सेल जाईल आणि ३ पिक्सेलची फट उरेल.

मग योग्य उपाय कोणता?

आधी एका प्रश्नाचे उत्तर द्यायला हवे : हे चित्र वाक्याचा भाग आहे की स्वतंत्र? बातमीचे छायाचित्र स्वतंत्र असते. त्याला ओळीतून बाहेर काढणे हाच सरळ मार्ग.

```
.photo img {
  display: block;
}
```

आता ओळच तयार होत नाही, त्यामुळे स्ट्रट नाही आणि फटही नाही. चौकट बरोबर २०० पिक्सेलची होते. याची किंमत एवढीच, की `text-align: center` त्या चित्राला मधोमध आणत नाही. त्यासाठी `margin: 0 auto` लिहावे लागते. शिवाय शेजारी-शेजारी असलेली चित्रे एकाखाली एक जातात. हा नियम `img` लाच द्यायला हवा. त्याभोवतीच्या `a` किंवा `picture` ला दिला तर ओळ आत तशीच राहते आणि फटही.

चित्रे ओळीतच ठेवायची असतील, तर `vertical-align: bottom` त्यांचा तळ ओळीच्या तळाला टेकवते. चित्र ओळीपेक्षा बुटके असेल तर मात्र मोकळी जागा खालून उठून वर जाते, नाहीशी होत नाही.

मूळ नियमच बदलावा का?

टेलविंडसारखी चौकट-प्रणाली सगळ्या चित्रांना आधीच `block` करते, बूटस्ट्रॅप त्यांना `middle` वर आणते. यामुळे काम सोपे होते, पण कारण झाकले जाते. त्या प्रणालीविना पान लिहायची वेळ आली की फट पुन्हा ‘रहस्य’ बनते. दुसरीकडे, सगळी चित्रे मुळातच `block` केली तर वाक्यात येणारे रुपयाचे चिन्ह, गणितातले सूत्र किंवा हसरा चेहरा प्रत्येक वेळी ओळ तोडून खाली जाईल. अशा चित्रांना बेसलाइनच हवी असते. म्हणून नियम आहे तसाच राहणे योग्य. चित्र ओळीतले की ओळीबाहेरचे, हे ब्राउझरला कळू शकत नाही. ते पान लिहिणाऱ्यानेच सांगायचे असते आणि त्यासाठी एक ओळ पुरते.