चौविहार पाळणाऱ्या मधुमेही रुग्णाचा परिचर्या-आराखडा

किराणा व्यापार करणाऱ्या 64 वर्षांच्या एका गृहस्थांचे उदाहरण घेऊ. ते चौविहार पाळतात. सायंकाळी सहाला भोजन, त्यासोबत ग्लिमेपिराइडची गोळी आणि मग सकाळी आठपर्यंत पाणीही नाही. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी उत्तम आहे. तरी पहाटे घाम फुटतो, हात थरथरतात. सरासरीत पहाटेची घसरण लपून राहते. म्हणून परिचारिका पाहणीत आहाराच्या व गोळीच्या वेळा लिहून घेते आणि पहाटे चारला ग्लुकोमीटरवर रक्तशर्करा मोजते. ती 58 भरते.

परिचारिकेचे निदान रोगाचे नसते. ‘दीर्घ निराहार व गोळी यांमुळे साखर घसरण्याचा धोका’ असे ती लिहिते. उद्दिष्ट मोजता येईल असे : दोन आठवड्यांत एकही नोंद 70 च्या खाली नसावी. गोळीची वेळ बदलणे तिच्या अधिकारात नाही. नोंदी दाखवून ती डॉक्टरांना विचारते.

खरा पेच व्रताचा. साखर 70 च्या खाली गेल्यास 15 ग्रॅम साखर पाण्यातून द्यावी, 15 मिनिटांनी पुन्हा मोजावे. शुद्ध हरपल्यास तोंडाने काही न देता रुग्णालय गाठावे. रात्री साखरपाणी घ्यायचे की नाही, हे गुरुमहाराजांना विचारून दिवसाच ठरवलेले बरे. पहाटे चारला चर्चा होत नाही.

डॉक्टरांनी गोळी सकाळी दिली. दोन आठवड्यांनंतरच्या मूल्यमापनात पहाटेची नीचांकी नोंद 84 आढळते. मात्र दुपारच्या भोजनानंतर दोन तासांनी ती 240 दिसते. तेव्हा पाहणी पुन्हा सुरू होते, या वेळी दुपारच्या ताटापासून.