उसना अभिप्राय

गेल्या महिन्यात येथे बंगळुरात आमच्या छोट्याशा वाचकमंडळात व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी' (१९५५) या कादंबरीवर तिघांनी परीक्षणे वाचली. पहिल्यांना तीत माणदेशच्या मातीचा वास आला, दुसऱ्यांना गंध आला, तिसऱ्यांना सुगंध. माती एकच होती. नाक मात्र तिघांपैकी एकाचेही नव्हते. ते कोणा जुन्या परीक्षकाकडून उसने आणलेले होते.

तिघेही सरकारी नोकरीत मुरलेले गृहस्थ. स्थळ न पाहता, दुसऱ्याच्या अहवालावरून तपासणीचा शेरा लिहिणारा कनिष्ठ यांच्या हाताखाली एक दिवस टिकणार नाही. तेच सद्गृहस्थ पुस्तकाविषयी लिहावयास बसले की पुण्या-मुंबईचे अंक शेजारी उघडे ठेवतात! शब्दाला प्रतिशब्द घातला की चोरी धुऊन निघते, अशी त्यांची समजूत दिसते. ती खरी नाही. वासाचा गंध केल्याने तो अनुभव आपला होत नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो : "शब्द काय कोणाच्या मालकीचे आहेत?" नाहीत. 'निवेदक', 'प्रादेशिक कादंबरी', 'प्रथमपुरुषी कथन' ही परिभाषा सर्वांची आहे. कथेतील घटनाही सर्वांच्या आहेत. त्या वापरण्यात उसनवारी नाही. परंतु ज्या वाक्प्रयोगात कोणाचा तरी निर्णय साठलेला असतो, तो त्या लिहिणाऱ्याचा असतो. तो हवाच असेल, तर अवतरणचिन्हांत घालून त्याचे नाव द्यावे. निर्णय तोच ठेवून शब्द तेवढे बदलले, तरीही नाव द्यावेच लागते.

सारांशात तर ही उसनवारी अधिकच उघडी पडते. आमच्या तिघांचे कथासार तालमीचे बांधकाम सुरू होते तेथेच थांबले, कारण त्यांच्यापुढील परीक्षणाने पुढचे सांगितले नव्हते. शेवट टाळणारा सारांश आणि तीन जणांनी त्याच क्रमाने सांगितलेल्या त्याच चार घटना, ही नकलेची खूण समजावी.

वस्तुतः सार काढणे ही आपल्या या वाचकवर्गाची रोजची विद्या आहे. पुस्तक वाचावे, मिटावे आणि दुसऱ्या दिवशी आठवणीतून लिहावे : कोण आला, त्याला काय हवे होते, काय घडले, शेवटी काय बदलले? नंतर पुस्तक उघडून नावे व क्रम पडताळावा. इतरांची परीक्षणे सर्वांत शेवटी. असे केल्यावर 'बनगरवाडी'चे सार साधारण असे उतरते :

औंध संस्थानातील एका लहानशा धनगरवाडीत राजाराम सौंदणीकर हा तरुण मास्तर म्हणून येतो. शाळा आहे, पण मुले नाहीत. कारभाऱ्याच्या आधाराने ती भरू लागते; परंतु वाडीला मास्तर हवा असतो तो पत्रे लिहावयास, तालुक्याची कामे करावयास, तंटे ऐकावयास. कारभाऱ्याच्या मुलीवरून गैरसमज होतो आणि हाच आधार दुरावतो. पुढे मास्तर गावाच्या श्रमांतून तालीम उभी करतो, तिच्यासाठी खुद्द राजेसाहेब येतात. मग दुष्काळ पडतो, मेंढरांमागोमाग माणसेही जगावयास बाहेर पडतात, वाडी ओस पडते आणि मास्तरही निघतो.

यात एकही विशेषण उसने नाही. विशेषणे फारशी नाहीतच. आणि असे सार लिहिताच अभिप्राय आपोआप सुचू लागतो. मला सुचला तो असा : मास्तर वाडीला शिकवतो त्याहून वाडी मास्तराला अधिक वापरून घेते, आणि याच वापरातून तो तिचा होतो. त्याने उभारलेली तालीम मागे राहते, ज्यांच्यासाठी उभारली ती माणसे राहत नाहीत. हे मत कोणाला चुकीचे वाटेल, वाटो. ते पुस्तकातील घटनांवर उभे आहे, म्हणून पुस्तक उघडून खोडता येईल. 'मातीचा वास' कसा खोडणार? ते वाक्य उचलून दुसऱ्या कोणत्याही ग्रामीण कादंबरीखाली चिकटवा, बसेल. जे असे कोठेही बसते, ते या पुस्तकाविषयी काही सांगत नाही.

माझे खरे दुःख निराळेच आहे. परक्या गावी नेमणूक, अनोळखी भाषेची वळणे, हळूहळू जडणारा लोभ आणि मग एके दिवशी निघणे, हे सारे आमच्या त्या तिघांनी आयुष्यभर भोगले आहे. सौंदणीकर मास्तराविषयी पुण्यातल्या घरबशा परीक्षकाला जे सहजी सुचणार नाही, ते त्यांना सुचावयास हवे होते. ती स्वतःची पुंजी पेटीत कुलूपबंद ठेवून ते उसनवारीला गेले. पुढच्या सभेस त्यांनी हेच पुस्तक पुन्हा घ्यावे. अट एकच, टेबलावर पुस्तकाखेरीज दुसरा कागद नको.